ग्वांगझूत टॅक्सी ड्रायव्हरला चिनी लिपीतला पत्ता कसा दाखवावा: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ग्वांगझूच्या टॅक्सीत बसून ‘गार्डन हॉटेल’ म्हटलंत, तर ड्रायव्हर बहुतेक तुमच्याकडे नुसता बघत राहील. हॉटेल शहरातलं जुनं आणि मोठं आहे, त्याने तिथे असंख्य वेळा माणसं सोडलेली आहेत, पण त्याच्या लेखी त्या जागेचं नाव ‘हुआ-युआन च्यौ-त्येन’ आहे. बुकिंगच्या कागदावरचं इंग्रजी नाव ऐकून त्याला काही बोध होत नाही. तो कागद वाचायला दिलात तरी फरक पडत नाही, कारण रोमन अक्षरांत लिहिलेले चिनी पत्ते वाचायची सवय तिथे फारशी कोणाला नसते.

ग्वांगझूत भरणाऱ्या कॅन्टन फेअर या व्यापारी प्रदर्शनाला आपल्याकडून दरवर्षी बरेच लोक जातात. इचलकरंजी, भोसरी, नाशिक, कोल्हापूर अशा ठिकाणचे छोटे उद्योजक असतात, आणि त्यातले कित्येक पहिल्यांदाच एकटे निघालेले असतात. मीही खरेदीच्या कामासाठी तिकडे जातो. नवीन माणसाने निघण्याआधी विचारलं, की मी जे सांगतो ते इथे ओळीने लिहिलं आहे. उदाहरणं ग्वांगझूची आहेत, पण शांघाय, यीवू किंवा शेनझेनला जाणाऱ्यालाही हीच पद्धत चालेल. हाँगकाँग आणि तैवानमध्ये अक्षरांचं जुनं, ‘पारंपरिक’ रूप वापरतात, तेवढा फरक ध्यानात ठेवा.

निघण्यापूर्वी जवळ काय हवं

- हॉटेलचं नाव आणि पत्ता चिनी अक्षरांत, मजकूर म्हणूनही आणि चित्र म्हणूनही
- हॉटेलचा फोन नंबर
- याच गोष्टींची कागदावर मोठ्या अक्षरांतली छापील प्रत
- चीनमध्ये चालणारा एक नकाशा. आयफोनवाल्यांना ॲपलचा नकाशा पुरतो. बाकीच्यांनी ॲमॅप घ्यावा, त्याचं चिनी नाव `高德地图` असं दिसतं
- थोडे सुटे युआन

गुगल मॅप्सवर विसंबू नका. चीनमधल्या वायफायवर किंवा तिथल्या सिमवर तो उघडतच नाही. भारतीय सिमच्या रोमिंगवर उघडतो, पण त्यातली चीनची माहिती अपुरी आणि जुनी असते.

## १. पत्त्याचं भाषांतर करू नका, पत्ता शोधून काढा

बहुतेक जण इंग्रजी पत्ता भाषांतराच्या ॲपमध्ये टाकतात आणि जे चिनी बाहेर येईल त्याचा स्क्रीनशॉट काढतात. दिसायला सगळं बरोबर दिसतं, आणि आपल्याला वाचता येत नसल्याने चूक कळायला मार्ग नसतो.

ग्वांगझूत ‘चायना हॉटेल’ नावाचं एक प्रसिद्ध हॉटेल आहे. त्याचं चिनी नाव `中国大酒店`. भाषांतराच्या ॲपला ‘चायना हॉटेल’ एवढंच दिलं तर तो `中国酒店` असं काहीतरी देईल. मधलं एक अक्षर गळतं, आणि उरतं ते कोणत्याही चिनी हॉटेलला लागू पडेल असं नाव. रस्त्यांच्या बाबतीत तर आणखी गोंधळ. रोमन लिपीत लिहिलेला ‘शी’ किंवा ‘युआन’ चिनीत अनेक वेगवेगळ्या अक्षरांनी लिहिता येतो. त्यातलं कोणतं अक्षर हवं हे ॲप अंदाजाने ठरवतं.

म्हणून मूळ चिनी पत्ता जिथे आधीच लिहिलेला आहे, तिथूनच तो उचलायचा. मी तीन जागा पाहतो. पहिली हॉटेलची स्वतःची वेबसाइट. कोपऱ्यात `中文` असं दिसेल, ते दाबलं की पान चिनीत येतं आणि तळाशी पत्ता असतो. दुसरी जागा म्हणजे बुकिंगचं ॲप. काही ॲपमध्ये हॉटेलच्या पानावर स्थानिक लिपीतला पत्ता असतो, पण तो अगदी खाली कुठेतरी दडवलेला असतो, त्यामुळे पान पूर्ण खाली ओढून पाहा. तिसरा उपाय जरा वेळखाऊ आहे पण सगळ्यात खात्रीचा: हॉटेलला ईमेल करून ‘टॅक्सी ड्रायव्हरला दाखवायला चिनी लिपीत नाव आणि पत्ता पाठवा’ एवढंच लिहा. त्यांना ही विनंती नवीन नसते.

प्रेक्षणीय ठिकाणांसाठी इतके कष्ट नकोत. विकिपीडियावरच्या इंग्रजी लेखात पहिल्याच एक-दोन ओळींत किंवा बाजूच्या चौकटीत बहुधा चिनी नाव दिलेलं असतं. तिथे लिपीची दोन रूपं दिसली, तर चीनसाठी ‘सिम्प्लिफाइड’ असं लिहिलेलं घ्यायचं.

पत्ता मिळाला की तो लगेच तपासा. चिनी मजकूर कॉपी करून ॲमॅपमध्ये किंवा ॲपलच्या नकाशात टाका. खूण शहराच्या त्याच भागात पडते का, आसपास बुकिंगच्या पानावर सांगितलेलं मेट्रो स्टेशन दिसतं का, ते पाहा. नकाशाने एकाऐवजी पाच जागा सुचवल्या, तर पत्ता अपुरा आहे असं समजा.

## २. पत्त्यातली चार-पाच अक्षरं ओळखायला शिका

चिनी वाचता यायची गरज नाही. पण पत्त्याचा सांगाडा ओळखता आला की अर्ध्याहून अधिक चुका घरबसल्या सापडतात.

आपण मुक्काम पोस्ट, मग तालुका, मग जिल्हा असं लहानाकडून मोठ्याकडे जातो. चिनी पत्ता नेमका उलटा चालतो: आधी शहर, मग विभाग, मग रस्ता आणि शेवटी घरक्रमांक. गार्डन हॉटेलचा पत्ता बघा:

```
广州市越秀区环市东路368号
```

यात `市` (श) आलं की शहराचं नाव संपलं. `区` (छू) म्हणजे विभाग, इथे युएश्यू. `路` (लू) म्हणजे रस्ता. शेवटचं `号` (हाव) हे क्रमांकाचं अक्षर, त्याच्या आधी ३६८. रस्त्याऐवजी कधी `大道` असेल, तो मोठा हमरस्ता. `街` म्हणजे लहान रस्ता.

तुमच्या पत्त्यात `路`, `街` किंवा `大道` यांपैकी एक आणि क्रमांकानंतरचं `号` सापडत नसेल, तर तुमच्याकडे पत्ता नाही, नुसतं नाव आहे. विमानतळ, स्टेशन, प्रदर्शनाचं आवार यांना नाव पुरतं. गल्लीतल्या हॉटेलला पुरत नाही.

यापुढचं एक अक्षर मात्र डोळ्यांत तेल घालून बघायचं. रस्त्याच्या नावात `路` च्या अगदी आधी बऱ्याचदा `东` (पूर्व), `西` (पश्चिम), `南` (दक्षिण), `北` (उत्तर) किंवा `中` (मधला) असतं. हुआन-श हा एक लांब रस्ता, त्याचे पूर्व, मधला आणि पश्चिम असे तुकडे आहेत, आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र रस्ता धरला जातो. घरक्रमांकही प्रत्येकाचे वेगळे. `东` च्या जागी `西` आलं तर तुम्ही त्याच नावाच्या रस्त्यावर पण शहराच्या दुसऱ्या टोकाला उतरता, आणि ड्रायव्हरची त्यात काहीच चूक नसते.

## ३. एकाच नावाच्या चार जागा

ग्वांगझूत नवख्याला सगळ्यात जास्त फसवणारं नाव म्हणजे ‘चुंगशान’, रोमन लिपीत Zhongshan. चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सुन यत-सेन यांना चीनमध्ये याच नावाने ओळखतात, त्यामुळे ते जिथे-तिथे आहे. ग्वांगझूत चुंगशान रस्ता क्रमांक एक ते आठ आहेत (`中山一路` पासून `中山八路` पर्यंत), शिवाय चुंगशान हमरस्ता (`中山大道`) वेगळा, विद्यापीठ (`中山大学`) वेगळं, आणि एवढ्यावर न थांबता दक्षिणेला चुंगशान नावाचं अख्खं दुसरं शहर आहे (`中山市`). नुसतं ‘चुंगशान’ म्हणून गाडीत बसणं म्हणजे काय होईल ते सांगायला नकोच. रस्त्याच्या क्रमांकाचं अक्षर, `一`, `二`, `三`, हे कॉपी करताना गळणार नाही याची काळजी घ्या. आडव्या रेघा असल्याने डोळा त्यांवरून सहज घसरतो.

दुसरं नाव ‘पाययुन’, म्हणजे Baiyun. विमानतळ पाययुन (`白云机场`), डोंगर पाययुन (`白云山`), विभाग पाययुन (`白云区`), आणि २०२३च्या डिसेंबरपासून पाययुन नावाचं मोठं रेल्वे स्टेशनही सुरू झालं आहे (`广州白云站`). परतीच्या विमानाला निघताना तुमच्या पडद्यावर `机场` ही दोन अक्षरं असलीच पाहिजेत, त्यांचा अर्थ विमानतळ. त्यापुढे टर्मिनल लिहा, म्हणजे `白云机场T2` असं. टर्मिनल एकापेक्षा जास्त आहेत, आणि सामान घेऊन एकाकडून दुसरीकडे जाणं गैरसोयीचं आहे.

रेल्वेचंही तसंच. ग्वांगझू स्टेशन, ग्वांगझू पूर्व आणि ग्वांगझू दक्षिण ही तीन वेगळी स्टेशनं आहेत, आणि हायस्पीड गाड्यांचं दक्षिण स्टेशन शहराच्या मध्यापासून बरंच लांब, पानयू विभागात आहे. तिकिटावर Guangzhounan असं एका दमात लिहिलेलं असतं. शेवटचं nan म्हणजे दक्षिण, हे माहीत नसलेला माणूस ते वाचून सरळ ग्वांगझू स्टेशनला जातो.

साखळी हॉटेलांबद्दल एक गोष्ट. स्वस्त आणि मध्यम दरांच्या साखळ्यांच्या एकाच शहरात अनेक शाखा असतात, आणि सगळ्यांचं नाव एकच. शाखा कोणती ते नावामागच्या कंसात असतं आणि कंसातला शेवट `店` या अक्षराने होतो. पत्ता कॉपी करताना आपण तो कंस फालतू समजून टाकून देतो. ठेवा तो.

## ४. ड्रायव्हरसाठीचं कार्ड तयार करा

आता हे सगळं ड्रायव्हरला चटकन वाचता येईल असं मांडायचं. बुकिंगचं पूर्ण पान दाखवू नका. त्यात किंमत, तारखा, तुमचं नाव, इंग्रजी सूचना असं सगळं असतं आणि ड्रायव्हरला त्यातून पत्ता हुडकावा लागतो. मागे गाड्या हॉर्न वाजवत असताना तो ते करणार नाही.

मी फोनच्या नोट्समध्ये असं लिहितो:

```
师傅，您好！请送我到：

广州花园酒店
越秀区环市东路368号

酒店电话：020-
```

पहिली ओळ ‘उस्ताद, नमस्कार, मला इथे सोडा’ अशी आहे. `师傅` (श-फू) हे ड्रायव्हर, मिस्त्री, कारागीर अशांना आदराने हाक मारायचं संबोधन. दुसरी ओळ हॉटेलचं नाव, तिसरी पत्ता. शहराचं नाव गाळलं तरी चालतं, कारण तुम्ही त्याच शहरात आहात. शेवटी हॉटेलचा फोन.

फोन नंबर तसाच्या तसा कॉपी करू नका. वेबसाइटवर तो +86 20 असा सुरू होतो, बाहेरच्या देशातून लावायला. ड्रायव्हर स्वतःच्या मोबाइलवरून लावणार, त्यासाठी 86 काढून 20च्या आधी शून्य हवं. म्हणजे 020 आणि पुढचे आठ आकडे. ड्रायव्हरला जागा सापडेना तर तो हॉटेलला फोन करून दोन वाक्यांत विचारून घेतो, आणि तुमच्या भाषांतराच्या ॲपपेक्षा ते कितीतरी लवकर होतं.

आकड्यांबद्दल खास आपल्यासाठी एक सूचना. मराठी कीबोर्ड चालू ठेवून पत्ता टाइप केलात तर घरक्रमांक `३६८` असा पडतो, आणि तो चिनी माणसाला अजिबात वाचता येत नाही. कार्डावर आकडे `368` असेच हवेत. तिथे रोजच्या वापरात हेच आकडे चालतात, त्यामुळे क्रमांक चिनी अक्षरांत लिहायची गरज नाही.

कार्डावर चिनीच्या शेजारी रोमन लिपीतला उच्चार घालायचा मोह होतो. तो खाली, बारीक अक्षरांत, स्वतःसाठी ठेवा. पत्त्याच्या ओळीत मिसळू नका. बरेच ड्रायव्हर पत्ता मोठ्याने वाचून आपल्या फोनला ऐकवतात आणि नेव्हिगेशन लावतात. ओळ सलग चिनी असेल तर ते एका दमात होतं.

फेअरला जाणाऱ्याला किमान तीन कार्डं लागतात. एक हॉटेलचं, वर आहे ते. दुसरं प्रदर्शनाच्या आवाराचं:

```
请送我到：
广交会展馆 A区
海珠区阅江中路380号
```

कॅन्टन फेअर १९५७ पासून भरतो आणि त्याचं चिनी बोलीतलं नाव ‘क्वांग-च्याव-हुई’ (`广交会`). हे नाव ड्रायव्हर लगेच ओळखतो. पण आवार प्रचंड आहे आणि A, B, C, D असे भाग आहेत. कोणत्या भागात तुमचं काम आहे ते बघून `A区` च्या जागी योग्य अक्षर घाला, नाहीतर आतल्या आत चालून पाय मोडतात. तिसरं कार्ड परतीचं:

```
请送我到：
广州南站（高铁站）
```

`高铁站` म्हणजे हायस्पीड रेल्वेचं स्टेशन. नाव पुरेसं असलं तरी हे लिहिल्याने दुसऱ्या स्टेशनाचा घोळ राहत नाही.

## ५. दाखवता येईल असा फोन

नोट्समधला मजकूर जितका मोठा करता येईल तितका करा. पत्त्याच्या दोन ओळी पडद्याची रुंदी भरून टाकतील असं पाहा. ड्रायव्हर अनेकदा पन्नाशीतले असतात, चष्मा डॅशबोर्डवर पडलेला असतो, आणि तुमचा फोन ते हातभर लांबून वाचतात. मग स्क्रीनशॉट काढा. नोट चुकून खोडली जाते, सरकते, इंटरनेट नसलं की उघडायला अडते. चित्राचं तसं होत नाही. पांढऱ्यावर काळी अक्षरं ठेवा. फोनला डार्क मोड असेल तर स्क्रीनशॉट काढताना तो बंद करा, कारण उन्हात काळा पडदा आरशासारखा चमकतो.

मजकूर असलेली नोटही राहू द्या. टॅक्सी बोलावण्याच्या ॲपमध्ये किंवा नकाशात पत्ता चिकटवायचा असतो तेव्हा चित्राचा उपयोग होत नाही.

पोहोचण्याच्या दिवशी हॉटेलचं कार्ड फोनच्या लॉक स्क्रीनवर लावून ठेवा. विमानतळावर रात्री उतरल्यावर फोन उघडा, गॅलरी शोधा, हे काही करावं लागत नाही. बटण दाबलं की पत्ता समोर. फोन ड्रायव्हरच्या हातात दिला तरी तो कुलूपबंदच राहतो आणि तुमचे मेसेज वर येत नाहीत. पडदा आपोआप बंद होण्याची वेळ थोडी वाढवून ठेवा.

छापील प्रत फोनच्या कव्हरमध्ये नको, शर्टाच्या खिशात ठेवा. फोन हरवला तर कव्हरही त्याच्यासोबत जातं.

## ६. टॅक्सीपाशी काय करायचं

विमानतळावर अधिकृत टॅक्सीच्या रांगेतच उभे राहा. आतच ‘टॅक्सी, टॅक्सी’ करत मागे लागणाऱ्यांकडे पत्ता कितीही नीट दाखवला तरी भाडं ते मनाला येईल तेच सांगणार. रस्त्यावर रिकामी टॅक्सी ओळखायची तर काचेमागे `空车` असं पेटलेलं दिसतं.

सामान डिकीत टाकण्याआधी कार्ड दाखवा. ड्रायव्हरने मान हलवून ‘च-ताव’ म्हटलं तर त्याला जागा माहीत आहे. त्याने हात हलवून ‘पू छ्यू’ म्हटलं तर तो तिकडे जाणार नाही, वाद न घालता पुढची टॅक्सी बघा. काही जण तुमच्या पडद्याचा फोटो काढतात किंवा फोन हातात घेऊन पत्ता आपल्या नेव्हिगेशनमध्ये घालतात. घाबरू नका, हे चांगलं लक्षण आहे.

त्याने पत्ता घातला की त्याच्या पडद्याकडे एकदा बघा. चिनी वाचता येत नसलं तरी आकडा जुळतो का, आणि क्रमांकाच्या आधीची दोन-तीन अक्षरं तुमच्या कार्डावरच्यांसारखी दिसतात का, एवढं नजरेने ताडता येतं. `东` आणि `西` मधला फरक बघायचा क्षण हाच.

स्क्रीनशॉट करून ठेवण्यासारखी आणखी काही वाक्यं देतो. क्रमाने अर्थ असा: मीटर टाका. या पत्त्यावर नेव्हिगेशन लावा. या नंबरवर फोन करून रस्ता विचारा. ही ती जागा नाही, पत्ता पुन्हा एकदा बघा.

```
请打表。
请导航到这个地址。
请打这个电话问路。
不是这里，请再看一下地址。
```

तोंडाने उच्चार करून वेळ घालवू नका. चिनीत स्वर चढ-उताराने अर्थ बदलतो, आपला ‘हुआन-श’ त्याला भलताच ऐकू येतो. शिवाय ग्वांगझूत स्थानिकांची भाषा कॅन्टोनीज आहे, तर बरेच ड्रायव्हर बाहेरच्या प्रांतांतून आलेले. बोली वेगळी असली तरी लिहिलेला पत्ता दोघांनाही सारखाच वाचता येतो. म्हणून तर सगळा भर पडद्यावर.

## ७. वाटेत

तुमच्या फोनवर ॲमॅप किंवा ॲपलचा नकाशा उघडा आणि निळा ठिपका तुमच्या खुणेच्या दिशेने सरकतो आहे ना ते पाहत राहा. थोडं वळण घेतलं म्हणून लगेच ओरडायची गरज नाही, उड्डाणपूल आणि एकेरी रस्त्यांमुळे गाडी सुरुवातीला उलट्या दिशेलाही जाते. ठिपका सलग दहा मिनिटं लांबच जात राहिला, तर कार्ड पुन्हा पुढे करा आणि नकाशाही दाखवा. बहुतेक वेळा तो स्वतःच हसून वळण घेतो.

फेअरच्या दिवसांत आवाराभोवती रस्ते अडवलेले असतात आणि ड्रायव्हर जरा आधीच उतरवतो. त्यावर भांडून काही निघत नाही. खरं सांगायचं तर फेअरला जाण्यासाठी मेट्रोच बरी. आठ क्रमांकाच्या मार्गावर `新港东` आणि `琶洲` ही स्टेशनं आवाराला लागून आहेत. टॅक्सीचं कार्ड संध्याकाळी, पाय दुखत असताना, हॉटेलवर परतायला जास्त उपयोगी पडतं.

## ८. कारखाना बघायला जायचं असेल तर

हॉटेल आणि स्टेशन सोपी. खरी परीक्षा असते ती एखाद्या उत्पादकाचा कारखाना बघायला जवळच्या फोशान किंवा तुंगक्वान शहराकडे निघालात तेव्हा.

पहिला सापळा पत्त्यातच असतो. व्यवहाराच्या कागदांवर जो पत्ता छापलेला असतो तो कंपनीच्या नोंदणीचा. तिथे कधी नुसतं ऑफिस असतं, कधी तेही नसतं. कारखाना दुसरीकडेच असतो. म्हणून समोरच्याला स्पष्ट विचारा, की मला कारखान्यावर यायचं आहे, गाडी जिथे थांबेल त्या फाटकाचा पत्ता चिनीत पाठवा.

दुसरा सापळा असा, की कारखान्यांचे पत्ते खेडी आणि औद्योगिक वसाहतींचे असतात. त्यात `村` (गाव) आणि `工业区` (औद्योगिक वसाहत) अशी अक्षरं दिसतात आणि घरक्रमांक कित्येकदा नसतोच. अशा पत्त्यावर नेव्हिगेशन वसाहतीच्या मध्यावर नेऊन सोडतं. तिथे पत्त्यापेक्षा दोन गोष्टी कामी येतात: वीचॅट या चिनी मेसेजिंग ॲपवरून समोरच्याने पाठवलेलं लोकेशन, आणि त्याचा मोबाइल नंबर. कार्डावर पत्त्याखाली तो नंबर लिहून वर `请打这个电话问路` हे वाक्य टाका. ड्रायव्हर फोन लावतो, दोघं बोलतात, आणि फाटकावर कोणीतरी उभं राहतं.

तुमच्या जीपीएसचे अक्षांश-रेखांश मात्र पाठवू नका. चीनचे नकाशे सरकारी नियमाने मुद्दाम सरकवलेल्या निर्देशांकांवर चालतात. बाहेरच्या नकाशावरून उचललेली जागा चिनी नकाशात टाकली तर खूण काहीशे मीटर बाजूला पडते. शहरात ते एखाद्या चौकाचं अंतर, पण औद्योगिक वसाहतीत मधे कालवा किंवा हायवे असला तर तुम्ही भलत्याच बाजूला उतरता. वीचॅटचं लोकेशन चिनी नकाशावरच बनलेलं असतं, म्हणून ते बरोबर पडतं.

तासाभराच्या अंतरावर जायचं असेल तर टॅक्सीऐवजी समोरच्यालाच गाडी पाठवायला सांगा. पत्ता दाखवायचा प्रश्नच राहत नाही.

## ९. उतरताना आणि परत येताना

मोठ्या आवाराला अनेक फाटकं असतात. `东门` पूर्वेचं, `南门` दक्षिणेचं, `正门` मुख्य. हॉटेलच्या मागच्या गल्लीत उतरवलं जाऊ नये म्हणून कार्डावर हे घाला:

```
请在正门停车。
```

हॉटेलवर पोहोचलात की रिसेप्शनकडून त्यांचं छापील कार्ड मागून घ्या. चिनीत `名片` (मिंग-फ्येन). त्यावर चिनी पत्ता असतो आणि कित्येकदा बारीकसा नकाशाही. तुमच्या कार्डावरचा पत्ता आणि हा पत्ता अक्षरशः जुळतो का पाहा. कुठे फरक दिसला तर हॉटेलचा खरा धरा आणि फोनमधला बदला. बाहेर पडताना हे कार्ड रोज बरोबर असू द्या, कारण फोनची बॅटरी नेमकी परतीच्या वेळेला संपते.

उतरण्याआधी पावती मागा:

```
请给我发票。
```

मीटरमधून लगेच छापून मिळते. त्यावर टॅक्सीचा नंबर आणि वेळ असते. मोबाइल, पाकीट किंवा नमुन्यांची पिशवी मागच्या सीटवर राहिली, तर ही पावती हॉटेलच्या रिसेप्शनवर दाखवा. ते टॅक्सी कंपनीला फोन लावून देतात. पावती नसेल तर शहरातल्या हजारो टॅक्सींमधून ती एक गाडी शोधणं फार अवघड होऊन बसतं.